‘करण्यात आले’ म्हणजे कोणी केले?

‘सदर पुलाच्या पायाचे काम निर्धारित वेळेत व समाधानकारकरीत्या पूर्ण करण्यात आले.’

दहा-बारा वर्षे साइटवर काढलेल्या इंजिनिअरच्या अर्जात हे वाक्य हमखास सापडते. व्याकरण बिनचूक आहे, माहितीही खरी आहे. तरीही चार्टर्ड इंजिनिअरच्या परीक्षकाला त्यातून काहीच हाती लागत नाही. काम कोणी केले, अडले कुठे, निर्णय कोणी घेतला, चुकला असता तर जाब कोणाला द्यावा लागला असता, यांतले एकही उत्तर ‘करण्यात आले’ या दोन शब्दांत नाही. आपल्याकडच्या सरकारी टिपणांनी आणि कंपनीच्या अहवालांनी इंजिनिअरच्या हाताला हीच भाषा लावलेली असते, त्यात माणूस दिसत नाही. चार्टर्ड होण्यासाठी लिहायच्या निवेदनात मात्र नेमका तो माणूसच पाहायचा असतो.

लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही या परंपरेतली जुनी संस्था. 1818 साली काही तरुण इंजिनिअरांनी तिथल्या एका कॉफी हाउसमध्ये बसून ती सुरू केली. 1820 मध्ये थॉमस टेलफर्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1828 मध्ये तिला राजसनद, म्हणजे रॉयल चार्टर मिळाली. ‘चार्टर्ड’ हा शब्द त्या सनदेतून आला. भारतात 1920 साली नोंदवलेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला 1935 मध्ये अशीच सनद मिळाली. जुनी मशिनरी आयात करताना लागणारा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला अनेक उद्योजकांना परिचयाचा असतो. ब्रिटिश पद्धतीचा चार्टर्ड दर्जा मुंबई-पुण्याहून किंवा दुबई-दोह्याहून अर्ज करून मिळवणारे मराठी इंजिनिअरही पुष्कळ आहेत. या लेखात त्या ब्रिटिश पद्धतीचाच विचार केला आहे, कारण तिथे लेखी निवेदनाला फार वजन असते.

तिथे पदवी हा फक्त उंबरठा असतो. तो ओलांडल्यावर काही वर्षांचा अनुभव, त्या अनुभवाचा लेखी अहवाल, त्याला दुजोरा देणारे प्रायोजक आणि शेवटी प्रशिक्षित परीक्षकांसमोर मुलाखत असा रस्ता आहे. सगळ्या शाखांना लागू असलेले निकष ब्रिटनची इंजिनिअरिंग कौन्सिल ठरवते. त्यांचे पाच गट आहेत: ज्ञान, तांत्रिक प्रश्नांची सोडवणूक, जबाबदारी आणि नेतृत्व, संवाद, आणि व्यावसायिक बांधिलकी. यादी वाचली की उमेदवार प्रत्येक गटासाठी एकेक परिच्छेद लिहायला बसतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कारण प्रत्यक्ष कामात हे पाच गट वेगवेगळे येत नाहीत. ते एकाच दुपारी, एकाच प्रसंगात, एकमेकांत गुंतून समोर उभे राहतात.

असा एक प्रसंग तपशिलात पाहू. तो नमुन्यादाखल रचलेला आहे, पण त्यातले नियम खरे आहेत आणि असे प्रसंग कोकणपट्टीतल्या खाड्यांवर पूल बांधणाऱ्यांच्या ओळखीचे आहेत.

खाडीवरच्या पुलाचे काम चालू आहे. आपली उमेदवार तिथे कन्सल्टंटच्या बाजूने साइटची जबाबदारी सांभाळते. एका खांबाखालच्या पाईल कॅपचे, म्हणजे खोल गेलेल्या पाईल्सची डोकी एकत्र बांधणाऱ्या जाड ठोकळ्याचे, काँक्रीट भरले गेले. ठोकळा 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 1.9 मीटर उंच, म्हणजे सुमारे 91 घनमीटर काँक्रीट. प्लँटवरून सोळा गाड्या आल्या. नियमानुसार पाच गाड्यांतून नमुने घेऊन क्यूब टाकले गेले. काँक्रीट एम 40 दर्जाचे होते. सोप्या भाषेत, अठ्ठावीस दिवसांनी क्यूब दाबून फोडला तर त्याने दर चौरस मिलिमीटरला 40 न्यूटनचा दाब सोसायला हवा.

अठ्ठावीस दिवसांनी चार नमुन्यांची सरासरी 46 ते 49 आली. आठव्या गाडीच्या नमुन्याची आली 34. एकेका नमुन्याला कोडने थोडी सवलत ठेवलेली असते, पण 34 हा आकडा त्या सवलतीतही बसत नव्हता.

अशा वेळी साइटवर काय होते, ते त्या क्षेत्रातल्यांना माहीत आहे. कंत्राटदार म्हणतो, क्यूब नीट भरला नसेल, नाहीतर क्युरिंगच्या टाकीत नीट ठेवला नसेल. कोअर काढू आणि विषय मिटवू. हा मार्ग नियमबाह्य नाही. आयएस 456 मध्येच तो दिलेला आहे. शंकास्पद भागातून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल, कापून काढायचे. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या दर्जाच्या 85 टक्के भरली आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारता येते. एम 40 साठी हे आकडे 34 आणि 30 होतात.

कोअर कुठून काढायचे, हा तिचा पहिला खरा निर्णय होता. ज्या थरात आठवी गाडी ओतली गेली, तोच थर तपासायला हवा. त्यासाठी तिने काँक्रीट भरतानाच्या नोंदी काढल्या. पहिल्या सहा गाड्यांनी ठोकळा तळापासून पाऊण मीटरपर्यंत भरला होता. सातवी आणि आठवी गाडी उत्तरेकडच्या अर्ध्या भागात पडली होती, म्हणजे संशय पाऊण ते सव्वा मीटर उंचीच्या पट्ट्यावर होता. कोअर वरून काढले असते, तर चांगल्या गाड्यांचे काँक्रीट हाती आले असते आणि अहवाल छान दिसला असता. तिने ते बाजूने, त्याच पट्ट्यातून काढायला लावले. ड्रिलने सळई कापली जाऊ नये म्हणून कव्हर मीटरने आधी सळयांच्या जागा आखून घेतल्या.

तीन कोअरचे निकाल आले: 35, 37 आणि 36. सरासरी 36, म्हणजे 34 च्या वर. सर्वांत कमी 35, म्हणजे 30 च्या बऱ्याच वर. कोडप्रमाणे काँक्रीट पास.

बहुतेक निवेदने इथे संपतात. ‘कोअर चाचणी घेऊन काँक्रीट स्वीकारण्यात आले’ असे लिहून उमेदवार पुढच्या प्रकल्पाकडे वळतो. जाणत्या परीक्षकाच्या मनात मात्र या टप्प्यावर प्रश्न सुरू होतात, कारण या ठोकळ्यासाठी एम 40 काँक्रीट मुळात ताकदीसाठी मागितलेलेच नव्हते.

ठोकळा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आहे. दिवसातून दोनदा खारे पाणी त्याच्यावर चढते आणि उतरते. उतरल्यावर मीठ मागे राहते, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत सरकत जाते आणि एक दिवस सळईपर्यंत पोहोचते. मग सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. खाडीकाठच्या जुन्या बांधकामांवर तांबूस ओघळ आणि तडे दिसतात, ते याच कारणाने. म्हणूनच आयएस 456 ने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले बांधकाम ‘एक्स्ट्रीम’ वर्गात टाकले आहे. तिथे एम 40 हा किमान दर्जा, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त 0.40 आणि सळईवर किमान 75 मिलिमीटरचे कव्हर सांगितले आहे. नुसता भार पेलायला याहून कमी दर्जा चालला असता. डिझायनरने एम 40 मागितला होता तो मीठ आत येऊ नये म्हणून. कोअर चाचणीने ताकद मोजली, पण दाणा किती घट्ट आहे हे त्यातून कळले नाही.

तेव्हा विचारायचे ते असे: ताकद कमी का आली? क्यूब खराब भरला असेल, तर ठोकळ्याला काहीच झालेले नाही. गाडीत पाणी मारले असेल, तर ठोकळ्याचे आयुष्य कमी झाले आहे, मग कोअर पास होवो की नापास.

तिने गाड्यांच्या चलनपावत्या काढल्या. सातवी आणि आठवी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून प्लँट सोडल्यापासून अडीच तासांनी साइटवर पोहोचल्या होत्या. प्लँटवर आठव्या गाडीचा स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, 150 मिलिमीटर लिहिला होता. साइटवरच्या वहीत तो 180 होता. बाहेरच्या माणसाला हा आकडा काही सांगणार नाही, पण काँक्रीटमध्ये हात घातलेल्याला तो लगेच खटकतो. वेळ जाईल तसे काँक्रीट घट्ट होत जाते. अडीच तास उन्हात फिरलेले काँक्रीट प्लँटवर होते त्याहून सैल निघाले, तर वाटेत किंवा गेटवर त्यात काहीतरी मिसळले गेले आहे. शिवाय अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीट सैल करणारे रसायन, साइटवर घातल्याची नोंद नव्हती. राहिले पाणी.

तिने साधा हिशेब मांडला. मिश्रणात दर घनमीटरला 420 किलो सिमेंट आणि स्लॅग, तर पाणी 160 लिटर होते, म्हणजे गुणोत्तर 0.38. सहा घनमीटरच्या गाडीत साधारण 200 लिटर पाणी वाढले असेल, तर दर घनमीटरला 33 लिटरची भर पडते आणि गुणोत्तर 0.46 वर जाते. क्यूबच्या ताकदीतली घट या अंदाजाशी जुळत होती. हा पुरावा नव्हता, अंदाज होता, आणि चांगल्या निवेदनात तो अंदाज म्हणूनच लिहिलेला असतो. तो पडताळायला तिने संशयित पट्ट्यातून आणि शेजारच्या चांगल्या भागातून आणखी एकेक कोअर काढून क्लोराइड पारगम्यतेची चाचणी करवून घेतली. या चाचणीत काँक्रीटच्या चकतीतून सहा तासांत किती विद्युतभार जातो ते कूलोममध्ये मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी मिठाला वाट मोकळी. चांगल्या भागाचा आकडा 900 आला, संशयित भागाचा 2600. पहिला ‘अत्यंत कमी’ पारगम्यतेच्या वर्गात बसतो, दुसरा ‘मध्यम’ वर्गात.

आता चित्र स्पष्ट झाले. ठोकळा पडणार नव्हता, पण त्याच्या पोटात अर्धा मीटर उंचीचा एक पट्टा असा होता, जिथून मीठ लवकर आत शिरणार होते.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. ठोकळा फोडून पुन्हा भरायचा, पण फोडताना पाईलच्या डोक्यातल्या सळया दुखावण्याची भीती होती आणि पावसाळा सहा आठवड्यांवर आला होता. कोअरच्या निकालावर आहे तसाच स्वीकारायचा. कागदोपत्री त्यात काही चुकीचे नव्हते. किंवा तो स्वीकारायचा, पण चारही बाजूंना ओल्या पृष्ठभागावर चालणारे इपॉक्सीचे आवरण द्यायचे आणि पुढच्या देखभालीत या खांबाची वेगळी नोंद ठेवायची. तिने तिसऱ्या वाटेची शिफारस केली. आवरण उत्तरेच्या अर्ध्यापुरते न देता पूर्ण ठोकळ्याला द्यायला सांगितले, कारण सातव्या गाडीचा क्यूब घेतलाच गेला नव्हता आणि ओतलेले काँक्रीट आखलेल्या रेषेत थांबत नाही.

शिफारस आणि मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवेदनात त्या वेगळ्या दिसायला हव्यात. ठरलेल्या दर्जात सूट देण्याचा अधिकार तिला नव्हता. तो मूळ डिझायनरचा होता. तिने त्रुटी-अहवाल लिहिला, त्याला कोअर, चलनपावत्या आणि हिशेब जोडला, आणि तीनही पर्याय मांडून स्वतःचे मत दिले. डिझायनरने दोन शंका विचारल्या आणि मंजुरी दिली. अनेक उमेदवारांना वाटते की ‘निर्णय सरांनी घेतला’ असे लिहिले तर आपण लहान ठरू, म्हणून ते ती सही गाळतात. होते उलटेच. आपला अधिकार कुठे संपतो हे ज्याला नेमके माहीत आहे, त्याच्या हाती मोठा अधिकार देता येतो. परीक्षक ते शोधतच असतात.

आता हाच प्रसंग कागदावर कसा उतरतो ते पाहा. पहिल्या मसुद्यात तो असा येतो:

‘पाईल कॅपच्या काँक्रीटचे क्यूब निकाल कमी आल्याने आयएस 456 नुसार कोअर चाचणी घेण्यात आली. निकाल समाधानकारक आल्याने काँक्रीट स्वीकारण्यात आले. तसेच संरक्षक आवरण देण्यात आले.’

आणि दुरुस्त केल्यावर असा:

‘आठव्या गाडीचा नमुना 34 आला. कोअरची जागा मी काँक्रीट भरतानाच्या नोंदींवरून ठरवली. कोअर कोडप्रमाणे पास झाले, पण या ठिकाणी एम 40 टिकाऊपणासाठी मागितला होता, म्हणून ताकद पुरेशी आहे एवढ्यावर मी थांबले नाही. साइटवरचा स्लम्प प्लँटपेक्षा जास्त होता, त्यावरून मी गाडीत पाणी मिसळल्याचा निष्कर्ष काढला आणि पारगम्यतेच्या चाचणीने तो पडताळला. ठोकळा फोडण्याचा पर्याय मी नाकारला, कारण पाईलच्या सळयांना होणारी इजा नंतर दुरुस्त करता आली नसती. संपूर्ण ठोकळ्याला आवरण देण्याची शिफारस मी केली. डिझायनरने ती मंजूर केली.’

दुसरा मजकूर सुमारे तिप्पट आहे, पण त्यात पाच ठिकाणी ‘का’ आहे. पहिल्यात दोन होते, आणि दोन्ही निकालाकडे बोट दाखवणारे. मराठी माणसाला ‘मी’ लिहिताना संकोच होतो. ‘आम्ही’ सभ्य वाटते, ‘मी’ आढ्यतेचे. हा संस्कार चांगला आहे, पण इथे तो आड येतो, कारण ‘आम्ही’ म्हटले की परीक्षकाला कंपनी दिसते आणि तो तर एका व्यक्तीला सदस्यत्व देणार असतो. मुलाखतीत बरेच परीक्षक म्हणूनच पहिल्या काही मिनिटांत एवढेच विचारतात: यात तुमचा हात कुठे होता?

नाकारलेला पर्याय लिहिणे हा निवेदनातला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. निवड होती हे दिसल्याशिवाय निर्णय दिसत नाही. याचे घरचे उदाहरण खडकवासल्याचे आहे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले आणि मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात काम करणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासमोर तिथल्या तलावात जास्त पाणी साठवण्याचा प्रश्न होता. जुने दगडी धरण उंच करायचे, तर वाढलेला पाण्याचा दाब पेलायला ते जाडही करावे लागले असते. त्यांनी धरणाला हात न लावता सांडव्यावर आपोआप उघडणारे आणि बंद होणारे दरवाजे योजले, आणि 1903 साली ते बसले. दरवाजांचे वर्णन पाठ्यपुस्तकात मिळते. पण धरण उंच का केले नाही हे कळल्यावरच त्या योजनेतली बुद्धी उमगते.

मुलाखत साधारण तासाभराची असते आणि निवेदनातल्या एखाद्या ओळीवरून ती कुठेही वळू शकते. पाईल कॅपच्या प्रसंगावर येणारे प्रश्न आधी ओळखता येतात. आवरण किती वर्षे टिकेल? पूल शंभर वर्षांसाठी आहे आणि इपॉक्सी तेवढे टिकत नाही, मग त्यानंतर काय? या प्रश्नावर पुष्कळ जण अडखळतात, कारण त्यांनी आवरण हे उत्तर समजलेले असते. प्रत्यक्षात आवरणाने फक्त वेळ मिळतो. आपल्या उमेदवाराचे उत्तर देखभाल-पुस्तिकेत होते. या खांबाची पाहणी इतर खांबांपेक्षा लवकर लवकर करायची, आवरण उडालेले दिसले की पुन्हा द्यायचे, आणि ठरावीक वर्षांनी सळईचे विद्युत विभव मोजून गंज सुरू झाला आहे का ते पाहायचे. पूल ज्याच्या ताब्यात जाणार त्या खात्याच्या इंजिनिअरला तिने हे समोर बसून समजावून सांगितले होते आणि त्या बैठकीचे इतिवृत्त तिच्याकडे होते. खर्च कोणी केला, हा दुसरा प्रश्न. चाचण्या आणि आवरण दोन्ही कंत्राटदाराच्या खर्चाने झाले, आणि ते त्याला मान्य करायला लावताना तिने चलनपावत्यांचाच आधार घेतला. ड्रायव्हरचे काय झाले, हाही प्रश्न येऊ शकतो. तिने ड्रायव्हरला दोष देऊन फाइल बंद केली नव्हती. गेटवर स्लम्प मोजण्याआधी गाडी आत सोडायची नाही, दोन तासांवर गेलेल्या गाडीबद्दल प्लँटच्या तंत्रज्ञाला फोन करायचा, सैलपणा हवा असेल तर अ‍ॅडमिक्श्चर त्यानेच मोजून घालायचे, आणि पाण्याचा पाइप गेटजवळून हलवायचा, एवढे चार बदल तिने साइटवर करून घेतले. निवेदनात हे बदल तारखांसह आले होते, कारण बदल खरोखर झाला याची साक्ष तारखाच देतात.

निवेदन बिघडण्याच्या इतर जागा थोडक्यात सांगता येतात. प्रकल्पाची किंमत कोटींत आणि लांबी किलोमीटरमध्ये देऊन मोठेपणा दाखवण्याची सवय असते. तीनशे कोटींच्या पुलावर फक्त नोंदवही भरली असेल, तर तीनशे कोटींना इथे अर्थ नाही, आणि गावातल्या छोट्या मोरीवर पुराच्या पाण्याचा हिशेब स्वतः करून पाइपाऐवजी बॉक्स निवडला असेल, तर ती मोरी लिहिण्यासारखी आहे. सात-आठ प्रकल्पांची ओझरती यादी देण्यापेक्षा दोन-तीन प्रकल्प खोलवर लिहिणे बरे. कंपनीच्या वेबसाइटवरचा किंवा जुन्या उमेदवाराच्या अहवालातला मजकूर उचलला, तर तो मुलाखतीत उघडा पडतो, कारण शब्द उसने आणता येतात, त्यामागचे ‘का’ आणता येत नाही. आणि ज्या ग्राहकाचे नाव किंवा आराखडे गोपनीय आहेत, तिथे परवानगी घेऊनच लिहावे. परवानगी नसेल तर तपशील बदलून ‘एका खाडीपुलावर’ असे म्हटलेले चालते, पण निर्णय मात्र बदलता येत नाही.

प्रायोजकाबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. अर्जावर सही करणारा वरिष्ठ नुसता ओळखीचा असून भागत नाही. उमेदवाराने लिहिले तसेच घडले, अशी तो आपल्या व्यावसायिक नावावर ग्वाही देतो. आपल्याकडे शिफारसपत्र मागणे आणि देणे सौजन्याने होते, त्यामुळे प्रायोजक निवेदन पूर्ण न वाचता सही करतात. चांगला प्रायोजक मसुद्यात पेन्सिलीने खुणा करतो: इथे तू नव्हतीस, हा हिशेब तुझा नाही, डिझाइन ऑफिसचा आहे, आणि इथे तू जे केलेस ते तू लिहिलेच नाहीस. ही तिसरी खूण सर्वांत जास्त वेळा करावी लागते. साइटवरची माणसे रोज इतके निर्णय घेतात की ते निर्णय आहेत हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून वही हवी. तारीख, अडचण, पर्याय, काय ठरले, कोणाशी बोलणे झाले, अशी पाच ओळींची नोंद त्याच संध्याकाळी केली, तर पाच वर्षांनी अहवाल लिहिताना आठवणीवर विसंबावे लागत नाही.

पाईल कॅपच्या निवेदनात प्रायोजकाने शेवटी एक प्रश्न लिहिला होता: सात दिवसांच्या क्यूबचे काय? त्या नमुन्याचा सातव्या दिवसाचा निकाल 22 होता. बाकीच्यांचे 29 ते 31. आकडा वहीत होता, तिच्या सहीनिशी. स्लॅगच्या काँक्रीटला ताकद हळूहळू येते, असे म्हणून तिने तो अठ्ठावीस दिवसांवर सोडून दिला होता, पण बाकीच्या चार नमुन्यांतही तितकेच स्लॅग होते. तेव्हाच चौकशी सुरू झाली असती, तर तीन आठवडे हातात आले असते, ठोकळ्यावर खांबाचा पहिला टप्पा चढला नसता, आणि फोडून पुन्हा भरण्याचा पर्याय खऱ्या अर्थाने खुला राहिला असता. तिने ही चूक निवेदनात घातली. त्याखाली, आता ती सातव्या दिवशी प्रत्येक नमुना त्याच भरणीतल्या इतर नमुन्यांशी ताडून पाहते आणि कोणताही नमुना पाचव्या हिश्शाहून जास्त मागे पडला तर वरचे काम थांबवते, अशी एक ओळ लिहिली, आणि त्या पद्धतीने पुढच्या दोन ठोकळ्यांवर ठेवलेला तक्ता परिशिष्टात जोडला.